रिपोर्ट नॉर्मल, आग मात्र तशीच

«वय ३१, लग्नाला चार वर्षं झाली. चौदा महिन्यांपासून खाली आग होते, मिरचीचा हात लागल्यासारखी. लघवी करताना चुरचुरतं. संबंधांच्या वेळी अगदी सुरुवातीलाच ब्लेड फिरल्यासारखं वाटतं. जीन्स घालून स्कूटरवर गेले की संध्याकाळपर्यंत ठणकतं. रात्री झोप लागते. खाज नाही, पांढरं जाणं नेहमीइतकंच. लघवीचं कल्चर दोनदा, स्वॅब तीनदा, सोनोग्राफी एकदा, सगळं नॉर्मल. तरी दर वेळी बुरशीची गोळी आणि क्रीम लिहून मिळतं, आणि क्रीमने आग वाढते. मी रोज इंटिमेट वॉश वापरते, आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशकाचं झाकणही टाकते. शेवटच्या डॉक्टर म्हणाल्या, ‘टेन्शन घेऊ नका, एक मूल होऊ द्या, आपोआप बरं होईल.’ हे खरंच मनाचं आहे का? आणि अशात मूल कसं होणार?» (एक वाचक, पिंपरी)

नाही, मनाचं नाही. तुम्ही लिहिलेल्या दुखण्याला नाव आहे: व्हल्वोडिनिया. बाह्य जननेंद्रियाच्या जागी तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं किंवा आग, ज्यामागे जंतुसंसर्ग, त्वचेचा आजार, हार्मोनची कमतरता असं कुठलंही ठोस कारण सापडत नाही, त्याला हे नाव देतात. तुमचं दुखणं स्पर्शाने, दाबाने किंवा घर्षणाने चेततं आणि योनीच्या तोंडापाशीच राहतं, म्हणून त्यातल्या व्हेस्टिब्युलोडिनिया या प्रकारात ते बसण्याची शक्यता मोठी आहे. काही फायलींवर अजून ‘व्हेस्टिब्युलायटिस’ असं जुनं नाव दिसतं. शेवटचं ‘आयटिस’ म्हणजे दाह. तपासून पाहिलं तर तिथे दाहाचा ठोस पुरावा सापडला नाही, म्हणून २००३ मध्ये तज्ज्ञांनी ते शेपूट काढून टाकलं. तुम्हाला मात्र अजून त्या शेपटाचीच औषधं मिळताहेत.

दाह नाही, मग आग कसली? १९९८ मध्ये स्वीडनमध्ये अशा बायकांच्या योनीमुखाच्या त्वचेचे बारीक तुकडे तपासले गेले, तेव्हा तिथे वेदना वाहून नेणाऱ्या बारीक नसा नेहमीपेक्षा जास्त दाट आढळल्या. या नसा वरच्या थरापर्यंत आलेल्या असतात. त्यामुळे कापसाचा हलका स्पर्शही मेंदूपर्यंत चटक्यासारखा पोचतो. स्वॅबमध्ये जंतू दिसतात, पण नसांचा चढलेला आवाज दिसत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो आणि दुखणंही खरंच असतं.

आता जागा नीट ओळखू या, कारण निदान जागेवरच ठरतं. हातात आरसा धरा आणि आतले ओठ दोन बोटांनी अलगद बाजूला करा. मधे जो ओलसर, गुलाबी, गुळगुळीत भाग दिसतो तो व्हेस्टिब्युल. वरच्या बाजूला त्यात लघवीचं छिद्र आहे, खाली योनीचं तोंड. बाहेरची कोरडी त्वचा आणि ही ओलसर त्वचा जिथे मिळतात तिथे एक सीमारेषा दिसते. तुमच्या प्रकारात दुखणं जवळजवळ नेहमी त्या रेषेच्या आतच असतं, बाहेर पाऊल टाकत नाही. या भागाला घड्याळ समजा: क्लिटोरिसकडे बारा, गुदद्वाराकडे सहा.

याच घड्याळावर डॉक्टर कापसाच्या काडीची चाचणी करतात. तिला ना यंत्र लागतं ना लॅब, पाच मिनिटं आणि थोडी सवड लागते. ओलसर काडीने आधी मांडीची आतली बाजू, मग बाहेरचे ओठ, मग आतले ओठ, आणि शेवटी व्हेस्टिब्युलवर बारा, एक, पाच, सहा, सात आणि अकरा वाजण्याच्या जागी हलकेच टेकवायचं. प्रत्येक ठिकाणी तुम्ही शून्य ते दहा असा आकडा सांगायचा. समजा मांडी शून्य, बाहेरचे ओठ शून्य, आतले ओठ एक, बारा वाजता दोन, पाच वाजता सात, सहा वाजता आठ, सात वाजता सात. हा नकाशा पुरेसा बोलका आहे: दुखणं एका जागी आहे, स्पर्शाने उठतं, आणि मागच्या अर्ध्या भागात सर्वांत तीव्र आहे. पाच ते सात हा पट्टा जास्त दुखत असेल तर अनेकदा खालचे स्नायू आवळलेले असतात. अख्खं घड्याळ सारखंच दुखत असेल तर हार्मोनच्या बाजूने जास्त शंका घ्यावी. तुम्ही गर्भनिरोधक किंवा पीसीओडीच्या गोळ्यांबद्दल काही लिहिलेलं नाही. कधी घेतल्या असतील तर केव्हा सुरू केल्या आणि आग केव्हा सुरू झाली, या दोन तारखा शेजारी लिहून न्या. काही बायकांमध्ये या गोळ्यांचा या दुखण्याशी संबंध दिसतो, आणि मग गोळी बदलणं किंवा त्या भागावर हार्मोनचं क्रीम लावणं हा उपचार ठरतो.

‘कारण सापडत नाही’ म्हणायला आधी कारणं नीट शोधलेली असायला हवीत. तुमच्या फाईलमध्ये एक गोष्ट दिसत नाही: बुरशीचं कल्चर, आणि त्यात बुरशीची जात. साध्या स्वॅबच्या काचेवर बुरशी चुकू शकते, आणि कँडिडा ग्लॅब्राटा नावाची जात फ्लुकोनाझोल या बुरशीच्या नेहमीच्या गोळीला फारशी दाद देत नाही. कल्चर करायचं तर सगळी क्रीमं आणि गोळ्या थांबवून दोन आठवडे झाल्यावर करा, नाहीतर ‘वाढ नाही’ या शब्दांना अर्थ उरत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा. काही तक्रार नसलेल्या निरोगी बायकांपैकी दर शंभरात दहा ते वीस जणींच्या योनीत थोडी कँडिडा असतेच. म्हणजे रिपोर्टवर नाव आलं म्हणून आगीचं कारण तेच, असं होत नाही. खाज नाही, दह्यासारखा स्राव नाही, औषधाने एकदाही फरक नाही, अशा वेळी कँडिडाकडे बोट दाखवणं अवघड आहे.

डॉक्टरांनी भिंगातून त्वचाही पाहिली पाहिजे. पांढरे, चकाकणारे डाग, आतले ओठ विरघळून चपटे होत जाणं, फाटल्यासारख्या चिरा, व्रण, गाठ किंवा रक्त यांपैकी काहीही असेल तर ते वेगळे आजार आहेत. त्यांना त्वचेचा तुकडा तपासावा लागू शकतो आणि त्यांचे उपचारही निराळे. स्तनपान चालू असताना किंवा पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजन कमी झाल्यानेही अशीच आग होते. शिवाय बसल्यावर एकाच बाजूला वेदना धावत असेल आणि कमोडवर बसलं की ती जात असेल, तर प्युडेंडल नावाच्या नसेचा विचार करावा लागतो. तुमचं स्कूटरचं दुखणं घर्षणाचं वाटतं, पण हा प्रश्न डॉक्टरांसमोर मांडाच.

लघवीच्या चुरचुरीची एक साधी पारख घरी करता येते. लघवी करताना तांब्याने कोमट पाणी समोरून हळूहळू ओतत राहा. चुरचुर गेली, तर लघवी बाहेरच्या नाजूक त्वचेला लागून आग होत होती. मूत्राशयाचा त्रास असता तर पाणी ओतून तो गेला नसता. ही पारख उपचार म्हणूनही रोज वापरता येते.

क्रीमने आग वाढते या तुमच्या वाक्याकडे कुणी लक्ष दिलेलं दिसत नाही, आणि तेच सर्वांत महत्त्वाचं आहे. बुरशीच्या क्रीममध्ये औषधाबरोबर प्रोपिलीन ग्लायकॉल, बेन्झिल अल्कोहोल, परिरक्षक असं बरंच काही असतं. चेतलेल्या त्वचेला तेच झोंबतं. मेडिकलमध्ये मागितलं की मिळणाऱ्या ‘चार औषधं एका ट्यूबमध्ये’ प्रकारच्या क्रीममध्ये तर तीव्र स्टेरॉइडही असतं. त्याने दोन दिवस बरं वाटतं, आणि पुढे त्वचा पातळ होते. त्यामुळे पहिले तीन आठवडे नवं काही सुरू करू नका, जे चाललंय ते थांबवा. इंटिमेट वॉश बंद, आंघोळीच्या पाण्यातलं जंतुनाशक बंद, सुगंधी पॅड आणि वेट वाइप्स बंद. तुरटीचं पाणी, कडुलिंबाचा काढा, हळद यांपैकी घरच्यांनी काही सुचवलं असेल तर तेही बंद, कारण त्वचेला ‘नैसर्गिक’ आणि ‘रासायनिक’ असा भेद कळत नाही. साधं कोमट पाणी हाताने ओतून धुवायचं. जेट स्प्रेचा दाब थेट त्या जागेवर नको, हा झटका फार जणींच्या लक्षात येत नाही. टॉवेलने घासू नका, टिपून घ्या. सुती चड्डी, रात्री शक्य असेल तर काहीच नको, आणि कपडे धुताना पावडर निघून जाईपर्यंत दोनदा खळबळा. जीन्सऐवजी सैल सलवार किंवा स्कर्ट.

धुतल्यावर वाटाण्याएवढं साधं पेट्रोलियम जेली किंवा सुगंध नसलेलं खोबरेल पातळ पसरवा. एवढ्याने काही जणींची आग बरीच कमी होते, आणि तेव्हा कळतं की निम्मं दुखणं बाटल्यांचंच होतं. कंडोम वापरत असाल तर लेटेक्सच्या कंडोमबरोबर तेल किंवा जेली नको, कंडोम फाटू शकतो.

तीन आठवड्यांनंतरही काडी टेकवली की सहा वाजता आग होत असेल, तर पुढची पायरी लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं मलम. डॉक्टर साधारणपणे पाच टक्क्यांचं मलम देतात, ते न सोसल्यास दोन टक्क्यांची जेली. संबंधांच्या किंवा तपासणीच्या पंधरा ते वीस मिनिटं आधी वाटाण्याएवढं, बोटाने फक्त दुखणाऱ्या जागेवर लावा, योनीच्या आत खोल नको. पहिली दोन-तीन मिनिटं झोंबेल, ते अपेक्षित आहे. त्यानंतर झोंबणं थांबायला हवं. थांबलंच नाही, किंवा लाली आणि सूज आली, तर धुऊन टाका आणि ते मलम परत वापरू नका. वेळ झाली की ओल्या सुती कापडाने उरलेलं पुसा, नाहीतर नवऱ्यालाही बधिरपणा येईल. बधिर करणाऱ्या मलमांत बेन्झोकेन असलेलं घेऊ नका, त्याची ॲलर्जी तुलनेने लवकर होते. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधी सांगा.

लिग्नोकेन रात्रभर लावून ठेवायची पद्धतही आहे. पण एका नियंत्रित चाचणीत लिग्नोकेन आणि औषध नसलेलं क्रीम यांच्यात ठळक फरक दिसला नाही. म्हणून हे मलम वेळेपुरती मदत करणारं समजा, बरं करणारं नाही. ज्याने खरा फरक पडतो तो भाग पुढे आहे.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत झोळीसारखे स्नायू पसरलेले असतात. चौदा महिने दर वेळी दुखलं, म्हणजे चौदा महिने ही झोळी दर वेळी आवळली गेली. आता ती दुखण्याच्या आधीच आवळते, तुमच्या नकळत. आवळलेल्या स्नायूमुळे तोंड अरुंद होतं, घर्षण वाढतं, नसा अजून चेततात. सगळ्यात मोठी चूक इथेच होते: कुणीतरी सांगतं ‘केगल करा’. केगल आवळण्याचा व्यायाम आहे. आधीच आवळलेल्याला तो उलट पडतो. तुम्हाला सोडायचं शिकायचं आहे.

कॅनडातल्या २१२ बायकांच्या एका चाचणीत, जी २०२१ मध्ये छापून आली, एका गटाला दहा आठवडे पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी आणि दुसऱ्याला रात्री लावायचं लिग्नोकेन दिलं. दोन्ही गटांत फायदा झाला, पण फिजिओथेरपीचा जास्त, आणि सहा महिन्यांनीही तो टिकून होता. पुण्या-मुंबईत या प्रशिक्षणाच्या फिजिओथेरपिस्ट मिळतात. फोन करतानाच विचारा, ‘आतून स्नायू तपासता का, की फक्त मशीन लावता?’ पहिल्या दिवशी बहुतेक वेळ प्रश्नांत आणि श्वासात जायला हवा. तपासणी एका हातमोज्यातल्या बोटाने, तुम्ही हो म्हणाल तेव्हाच, आणि ‘थांबा’ म्हटलं की थांबणारी असली पाहिजे.

अपॉइंटमेंट मिळेपर्यंत घरी एवढं करता येईल. उशीवर डोकं, गुडघे दुमडून पाठीवर पडा. एक हात पोटावर. चार मोजत श्वास घ्या आणि पोट वर येऊ द्या. सहा मोजत सोडा, आणि सोडताना लघवी सुरू होण्याआधी जसा तळ मोकळा होतो तसा होऊ द्या. जोर मात्र लावायचा नाही, कुंथायचं नाही. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं. नंतर बाळासनात दोन मिनिटं. आठवडाभरात ‘तळ सुटतो’ म्हणजे काय ते जाणवू लागलं की पुढचा टप्पा: अंगठ्याला खोबरेल लावून, सहा वाजताच्या जागेवर आतून हलका दाब, वेदना दहापैकी तीनच्या वर जाणार नाही एवढाच. एक-दोन मिनिटं धरून श्वास सोडत राहा, वेदना दोनवर उतरली की थोडं बाजूला पाचकडे, मग सातकडे. तीनच्या वर गेली तर तुम्ही घाई केलीत. हे महिनाभर जमल्यावर फिजिओथेरपिस्ट योनीत हळूहळू घालायचे वेगवेगळ्या जाडीचे गुळगुळीत दांडे, म्हणजे डायलेटर देतात, बारीकपासून सुरुवात करून.

या काळात योनीत प्रवेश असलेले संबंध पूर्ण थांबवणं बरं. दुखत असताना दात आवळून ‘होऊन जाऊ दे’ म्हणणं स्नायूंना पुन्हा तोच धडा शिकवतं. बाकीची जवळीक थांबवायचं कारण नाही, पण प्रवेश आज होणारच नाही हे दोघांनी आधी ठरवलेलं असावं. तसं ठरलं की शरीर आवळत नाही. नवऱ्याला हे पान वाचायला द्या.

गोळ्या? ॲमिट्रिप्टिलीन नावाची गोळी बऱ्याच ठिकाणी दिली जाते. तिच्या पॅकवर नैराश्याचं औषध असं लिहिलेलं असतं आणि वाचून धक्का बसतो, पण इथे ती नसांच्या वेदनेसाठी असते. सुरुवात रात्री दहा मिलिग्रॅमने, दर आठवड्याला दहाने वाढवत, सोसेल तिथवर. असर यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोंड कोरडं पडतं, शौचाला कडक होतं, सकाळी जड वाटतं, आणि कडक शौच तळाच्या स्नायूंना वाईट, म्हणून पाणी आणि भाज्या आधीच वाढवा. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर सांगा, आणि एकदम बंद करू नका. आमचं मत विचाराल तर स्पर्शानेच दुखणाऱ्या तुमच्या प्रकारात गोळी पहिल्या रांगेत नको. या प्रकारात तिच्या जातीच्या औषधाचा फायदा नियंत्रित चाचणीत सिद्ध झालेला नाही. जिची आग दिवसभर, हात न लावताही चालू असते, तिला ती जास्त उपयोगी पडू शकते.

व्हेस्टिब्युलची ती दुखरी पट्टी काढून टाकण्याची शस्त्रक्रियाही आहे आणि तिचे निकाल चांगले असतात, पण फक्त एकाच जागी दुखणाऱ्या प्रकारात, आणि बाकीचे उपचार महिनोन् महिने नीट करून झाल्यावरच.

मुलाचं विचारलंत. व्हल्वोडिनियाने गर्भाशय, नळ्या किंवा बीजांडं यांना काही होत नाही, आणि मूल झाल्याने व्हल्वोडिनिया बरा होतो असंही नाही. घाई असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने बीज सुटण्याच्या दिवसांत सुई नसलेल्या सिरिंजने घरीच वीर्य आत सोडण्याचा मार्ग आहे, त्याला प्रवेशाची गरज नाही. ॲमिट्रिप्टिलीन चालू असताना मूल हवं असेल तर गोळीबद्दल आधी बोलून घ्या.

पुढच्या डॉक्टरकडे जाताना सगळे जुने रिपोर्ट, वापरलेल्या क्रीमची रिकामी खोकी आणि घड्याळाचं चित्र काढलेला कागद न्या. बसल्यावर पहिलंच वाक्य असं म्हणा: ‘चौदा महिने स्पर्शाने दुखतंय, तीन स्वॅब नॉर्मल आहेत, कॉटन स्वॅब टेस्ट करून व्हल्वोडिनिया आहे का ते बघाल का?’ आकडे त्या कागदावर तारखेसह लिहून घ्या. बारा आठवड्यांनी त्याच सहा जागा पुन्हा त्याच काडीने तपासून घ्या. सहा वाजताचा आठ जर चारवर आला असेल, तर संबंध अजून जमले नसले तरी तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात आणि तेच पुढे चालू ठेवायचं. आठचा सातच राहिला असेल, तर गोळी किंवा हार्मोनच्या क्रीमचा विचार तेव्हा करा.